ब्रेकर काढला तर कोण अंधारात जाईल? सिंगल बस, डबल बस आणि दीड ब्रेकर

नव्याने सबस्टेशनला आलेले कनिष्ठ अभियंते पहिल्या महिन्यात हमखास एक प्रश्न विचारतात: “सर, आपल्याकडे दोन बस आहेत, मग एका ब्रेकरच्या मेंटेनन्ससाठी लाइन बंद कशाला ठेवायची?” प्रश्न चांगला आहे, कारण त्यातला गैरसमज अनुभवी माणसांच्या बोलण्यातही सापडतो. दुसरी बस म्हणजे ब्रेकरपर्यंत येणारा दुसरा रस्ता. ब्रेकर मात्र एकच असतो. घरापर्यंत दोन रस्ते आले तरी दार एकच असेल, तर सुतार दार काढून दुरुस्त करेपर्यंत कोणालाच आत-बाहेर करता येत नाही.

म्हणून बस किती आहेत हे मोजत बसू नका. प्रत्येक उपकरणापुढे बोट ठेवून विचारा: हे काढलं तर कोण बंद होईल, आणि हे काढलेलं असताना दुसरं काही फॉल्ट झालं तर कोण बंद होईल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण देतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र परमिट देण्याआधी फारसं कोणी काढत नाही.

एक सबस्टेशन धरून चालू

समजा २२० केव्हीचं एक यार्ड आहे आणि त्यात सहा सर्किट आहेत. एल-१ आणि एल-२ या दोन लाइन मोठ्या ४०० केव्ही सबस्टेशनकडून येतात, एल-३ दुसऱ्या दिशेच्या स्रोताकडून येते, एल-४ पुढच्या सबस्टेशनला जाते, आणि टी-१, टी-२ हे दोन ट्रान्सफॉर्मर गावाला आणि कारखान्यांना वीज देतात. काम ठरलं आहे ते एल-३ च्या ब्रेकरचं: पोल तपासायचे, एसएफ-सिक्स वायूचा दाब आणि ओलावा बघायचा, मेकॅनिझमला वंगण द्यायचं, टायमिंग घ्यायचं. यासाठी आठ तास लागतात असं धरू. हेच आठ तास तिन्ही रचनांमध्ये बसवून पाहू.

सिंगल बस: हिशेब सोपा, किंमत मोठी

एका बसवर सहा सर्किट असतील तर सहा ब्रेकर पुरतात. एल-३ चा ब्रेकर काढला की एल-३ आठ तास बंद. सहाही ब्रेकर वर्षातून एकदा असे काढले तर सर्किटनिहाय मिळून ४८ तासांचं आउटेज होतं.

खरी अडचण ब्रेकरच्या अलीकडे आहे. बसला थेट लागलेला आयसोलेटर तापला, त्याचे संपर्क काळे पडले, तर त्याला हात लावण्यासाठी अख्खी बस मेली पाहिजे. बसवरचे इन्सुलेटर धुवायचे असले तरी तेच. एका दिवसात सगळे बस आयसोलेटर उरकायचे म्हटले तरी सहाही सर्किट आठ तास बंद, म्हणजे आणखी ४८ सर्किट-तास, आणि तेही सगळे एकाच वेळी. बसच्या मधोमध सेक्शनलायझर टाकला तर अर्धं यार्ड चालू राहतं. पण लहान यार्डांत काही ठिकाणी हा सेक्शनलायझर ब्रेकर नसून नुसता आयसोलेटर असतो. बस फॉल्टच्या क्षणी तो काही उघडत नाही, त्यामुळे सगळं एकदा जातंच. वाचलेला अर्धा भाग नंतर हाताने वेगळा करून परत चार्ज करावा लागतो.

३३ केव्हीला, जिथे मागून दुसऱ्या फीडरने वीज आणता येते, तिथे ही रचना चालते. २२० ला ती परवडत नाही.

डबल बस: काय मिळतं आणि काय मिळत नाही

डबल मेन बसमध्ये प्रत्येक बेला दोन बस आयसोलेटर आणि एक ब्रेकर असतो, शिवाय दोन बस जोडणारा बस कपलर. आपल्या उदाहरणात सात ब्रेकर. एल-१, टी-१, एल-३ बस एकवर आणि एल-२, टी-२, एल-४ बस दोनवर, अशी वाटणी ठेवली तर दोन्हीकडे स्रोतही आहे आणि लोडही.

बस एकचं काम निघालं की तिन्ही सर्किट चालू लोडवर बस दोनवर नेता येतात. कपलर बंद स्थितीत, म्हणजे दोन्ही बस जोडलेल्या असताना, आधी बस दोनचा आयसोलेटर लावायचा आणि मग बस एकचा उघडायचा. या वेळी आयसोलेटर पूर्ण लोड तोडत नाही, तो प्रवाह फक्त एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर सरकवतो. आयसोलेटरची ही क्षमता आयईसी ६२२७१-१०२ मध्ये सांगितलेली आहे: सहसा त्याच्या नेहमीच्या प्रवाह-क्षमतेच्या ८० टक्के, पण १६०० अँपियरच्या वर नाही. यातला जीव कपलरमध्ये आहे. आयसोलेटर अर्धवट उघडलेला असताना कपलर ट्रिप झाला, तर दोन बसमधला सगळा प्रवाह त्या उघडत्या संपर्कांतून ओढला जातो आणि ज्वाळ थेट बसवर जाते. म्हणून बदलीआधी कपलरचा ट्रिप डीसी बंद करतात, आणि बदली संपल्यावर तो परत चालू करतात. दुसरं वाक्य मुद्दाम लिहिलं आहे, कारण विसरतात तेच. कपलरचा ट्रिप बंद राहिला तर एका बसचा फॉल्ट दुसऱ्या बसलाही सोबत घेऊन जाईल.

आता एल-३ च्या ब्रेकरकडे येऊ. तो काढायचा तर एल-३ बंद. सिंगल बसमध्ये होती तशीच आठ तास बंद. दुसऱ्या बसने इथे काहीही दिलं नाही.

बस आयसोलेटरची गोष्ट आणखी मजेशीर आहे. एल-३ चा बस एककडचा आयसोलेटर काढायचा म्हणून तुम्ही बस एक रिकामी केली. पण त्या आयसोलेटरची दुसरी बाजू बस दोनच्या आयसोलेटरला आणि ब्रेकरला एकाच जोडावर मिळते. एल-३ बस दोनवरून चालू असेल तर तो जोड जिवंत आहे. म्हणजे बस आयसोलेटरच्या कामाला त्याची बस आणि त्याची बे, दोन्ही बंद हवेत. नियोजन करणाऱ्याने इथे डोकं चालवायचं: ज्या दिवशी एल-३ चा ब्रेकर काढणार, त्याच दिवशी बस एक रिकामी ठेवा आणि ब्रेकरसोबत बस एकचा आयसोलेटरही उरका. पुढच्या वर्षी ब्रेकरसोबत बस दोनचा. वेगवेगळी तारीख घेतली तर एल-३ एकदा बंद होण्याऐवजी दोनदा बंद होते.

ट्रान्सफर बस: ब्रेकरला पर्यायी दार

हे दार द्यायचं काम ट्रान्सफर बस करते. महाराष्ट्रातल्या कित्येक २२० केव्ही यार्डांत डबल मेन अँड ट्रान्सफर दिसते ती यासाठी. आणखी एक ब्रेकर लागतो, तो ट्रान्सफर बस कपलर, म्हणजे टीबीसी. आपल्या यार्डात ब्रेकर झाले आठ. एल-३ चालू ठेवून तिचा ब्रेकर काढण्याचा क्रम असा:

१. भार प्रेषण केंद्राची परवानगी आणि समोरच्या टोकाशी बोलणं आधी. एल-३ चं ऑटो-रिक्लोज बंद करा. ट्रान्सफर बसवर कोणाचं परमिट नाही, एकही अर्थ स्विच लागलेला नाही, हे यार्डात चालत जाऊन डोळ्यांनी बघा.

२. टीबीसी ज्या बसवर घ्यायचा ती एल-३ चीच बस ठेवा, म्हणजे बस एक. टीबीसी लावून ट्रान्सफर बस एकदा चार्ज करा. ती धडधाकट आहे की नाही हे इथेच कळतं. नंतर टीबीसी परत उघडा.

३. टीबीसी उघडा असताना एल-३ चा ट्रान्सफर आयसोलेटर लावा. आयसोलेटरला फक्त रिकामी बस चार्ज करायची आहे, लोड नाही.

४. ट्रिप ट्रान्सफर स्विच ‘इंटरमीडिएट’ला आणा. याला पॅनलवर एनआयटी म्हणतात: नॉर्मल, इंटरमीडिएट, ट्रान्सफर. मधल्या स्थितीत एल-३ च्या रिलेचा ट्रिप दोन्ही ब्रेकरना जातो.

५. टीबीसी लावा. दोन्ही ब्रेकरमधून प्रवाह वाटला गेला का, तिन्ही फेजमध्ये, ते मीटरवर बघा. टीबीसीत एखाद्या फेजला प्रवाह शून्य दिसत असेल तर आयसोलेटरचा एक पोल नीट लागलेला नाही. इथेच थांबा.

६. आता एल-३ चा स्वतःचा ब्रेकर उघडा, एनआयटी ‘ट्रान्सफर’ला न्या, मग बेचे आयसोलेटर उघडा, अर्थिंग करा, आणि त्यानंतरच परमिट द्या.

हे सगळं करण्याआधी ड्रॉइंगमध्ये एक गोष्ट शोधून ठेवा: ट्रान्सफर आयसोलेटरची टॅप सीटीच्या कोणत्या बाजूला आहे. सीटी लाइनच्या बाजूला राहत असेल तर एल-३ चे रिले तसेच वाचत राहतात, फक्त ट्रिप वळवायचा असतो. सीटी बेसोबत बाजूला पडत असेल तर एल-३ च्या रिलेला प्रवाहच दिसत नाही, आणि संरक्षण टीबीसीच्या सीटीवर आणि रिलेवर येतं. मग टीबीसीच्या रिलेत एल-३ ची सेटिंग टाकलेली हवी. मागच्या महिन्यात एल-४ साठी टाकलेली सेटिंग तशीच राहिली असेल, तर लाइनची लांबी वेगळी असल्याने झोन चुकतील.

एनआयटी विसरल्याचा परिणाम मी स्वतः एका यार्डात पाहिला आहे. फीडर टीबीसीवर नेला होता, स्विच नॉर्मललाच होता. दुपारी लाइनवर फॉल्ट आला. रिलेने ट्रिप दिला तो आधीच उघडून बाजूला ठेवलेल्या ब्रेकरला. टीबीसीला काही कळलंच नाही. फॉल्ट तुटेना, म्हणून समोरच्या सबस्टेशनांचे दूरचे झोन एकेक करून चालले आणि सगळं यार्ड गेलं. एका स्विचमुळे ट्रान्सफर बसचा सगळा फायदा उलटा झाला होता.

मर्यादा दुसरीही आहे. टीबीसी एकच असतो. एल-३ त्यावर असताना एल-४ च्या ब्रेकरचा वायू गळू लागला तर एल-४ ला जागा नाही. सहा बेंचं काम सहा वेगळ्या दिवशी लावावं लागतं. माझं मत विचाराल तर ट्रान्सफर बस ही एअर ब्लास्ट आणि मिनिमम ऑइल ब्रेकरच्या काळाची गरज होती. ते ब्रेकर वारंवार उघडावे लागत. आजचे एसएफ-सिक्स ब्रेकर वर्षानुवर्षं उघडायची गरज पडत नाही, आणि जीआयएसमध्ये तर ट्रान्सफर बस सहसा देतच नाहीत. जुन्या यार्डात ती आहे तर वापरा, पण नव्यासाठी मागताना दोनदा विचार करा.

दीड ब्रेकर: आउटेज शून्य, पण फुकट नाही

४०० केव्हीला आपल्याकडे ही रचना मोठ्या प्रमाणावर दिसते आणि ७६५ लाही सहसा तीच असते. दोन बसच्या मध्ये तीन ब्रेकर ओळीने, आणि त्यांच्या मधल्या दोन जागांवर दोन सर्किट. या ओळीला यार्डात ‘डाया’ म्हणतात. बाजूचे दोन मेन ब्रेकर, मधला टाय. दोन सर्किटना तीन ब्रेकर, म्हणून दीड. आपल्या सहा सर्किटना तीन डाया, नऊ ब्रेकर. लक्षात घ्या, ट्रान्सफर बसच्या रचनेला आठ लागले होते. चार सर्किटचं यार्ड असेल तर दोन्हीकडे सहाच. दहा सर्किटला मात्र बारा विरुद्ध पंधरा होतात, आणि तिथे पैशाची चर्चा सुरू होते. सर्किट विषम असतील तर शेवटच्या एकट्या सर्किटला दोन ब्रेकर द्यावे लागतात.

डाया अशा लावू: पहिली एल-१ आणि टी-१, दुसरी एल-२ आणि टी-२, तिसरी एल-३ आणि एल-४. पहिलं नाव बस एकच्या बाजूला, दुसरं बस दोनच्या. एल-३ चा मेन ब्रेकर काढला की तिला टायमधून आणि पुढे एल-४ च्या मेनमधून बस दोन मिळते. एल-३ एक मिनिटही बंद होत नाही. ट्रान्सफर बस नाही, एनआयटी नाही. नऊही ब्रेकर वर्षातून आठ तास काढले तर ७२ तास काम, आणि सर्किटचं आउटेज शून्य. एक बस पूर्ण बंद ठेवली तरी सगळी सर्किट चालू. बस फॉल्ट झाला तर त्या बसचे मेन ब्रेकर उघडतात आणि एकही सर्किट जात नाही. डबल बसमध्ये याच फॉल्टला एल-१, टी-१ आणि एल-३ तिन्ही गेली असती.

पण ते आठ तास आपला दुसरा प्रश्न विचारा. एल-३ चा मेन बाहेर आहे आणि एल-४ वर फॉल्ट आला. एल-४ चं संरक्षण तिचा मेन आणि टाय दोन्ही उघडणार, कारण एल-४ या दोघांच्या मध्ये बसलेली आहे. टाय उघडला की एल-३ ला कोणतीच बस राहिली नाही. शेजाऱ्याच्या फॉल्टने निरोगी लाइन गेली. समजा एल-४ वर वर्षाला दोन फॉल्ट येतात. त्या आठ तासांत तो येण्याची शक्यता दोन गुणिले आठ भागिले ८७६०, म्हणजे सुमारे साडेपाचशेत एक. नक्कीच बंद होणाऱ्या आठ तासांच्या बदल्यात ही जोखीम स्वस्त आहे. पावसाळ्यात वीज कडाडत असताना हा आकडा तसा राहत नाही, म्हणून डायाचा ब्रेकर मे महिन्याआधी किंवा दिवाळीनंतर काढावा.

याच आठ तासांत बस दोनवर फॉल्ट झाला तर एल-४ चा मेन उघडतो. एल-३ आणि एल-४ दोन्ही बसपासून तुटतात, पण टायने एकमेकींना जोडलेल्या राहतात. एल-३ स्रोत आणि एल-४ लोड असल्यामुळे पुढच्या सबस्टेशनची वीज चालूच राहते. जोडी लावताना एका डायात स्रोत आणि लोड घ्यायचा तो यासाठी. आणि एकाच ठिकाणाहून येणाऱ्या एल-१ आणि एल-२ एका डायात कधीही ठेवू नयेत. ठेवल्या, आणि एल-१ च्या फॉल्टला टाय अडकला, तर बॅकअप एल-२ लाही उघडणार. मोठ्या स्रोताच्या दोन्ही लाइन एका ब्रेकरच्या चुकीने गेल्या.

अडकलेला ब्रेकर कोणता, यावरही नुकसान ठरतं. मेन अडकला तर त्याची बस जाते, पण बाकी सर्किट दुसऱ्या बसवर तगतात. टाय अडकला तर शेजारचं सर्किट जातं. डबल बसमध्ये एखाद्या लाइनचा ब्रेकर अडकला की त्या बसची सगळी सर्किट जातात, आणि बस फॉल्टला कपलरच अडकला तर दोन्ही बस.

दीड ब्रेकरमध्ये आणखी एक खोडी आहे, जी लाइनच्या आउटेजला दिसते. एल-३ ची लाइन कामासाठी बंद केली, लाइनचा आयसोलेटर उघडला, आणि डाया पूर्ण ठेवायला मेन आणि टाय परत लावले. आता त्या दोन ब्रेकरमधला तुकडा, ज्याला स्टब म्हणतात, जिवंत आहे. पण व्होल्टेज मोजणारा सीव्हीटी आयसोलेटरच्या पलीकडे, मेलेल्या लाइनवर आहे. डिस्टन्स रिलेला स्टबवरचा फॉल्ट नीट ओळखता येत नाही. त्यासाठी स्टब प्रोटेक्शन असतं, आणि ते आयसोलेटरच्या सहायक संपर्काने चालू होतं. तो संपर्क हलला नसेल तर संरक्षण झोपलेलंच राहतं. डाया परत लावण्याआधी रिलेच्या पडद्यावर स्टब चालू झाल्याची खूण दिसलीच पाहिजे.

परमिटच्या कागदावर

मी परमिटसोबत एक अर्धं पान जोडायला लावतो. त्यात बाहेर काय आहे ते वर लिहायचं, आणि खाली फक्त तीन ओळी: शेजारचं सर्किट फॉल्ट झालं तर काय जाईल, उरलेली बस गेली तर काय जाईल, उरलेला ब्रेकर अडकला तर काय जाईल. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा एक सर्किट आधीच देखभालीसाठी बंद होतं आणि लोड दुसऱ्यावर होता, असं तेव्हाच सांगितलं गेलं होतं. तिथला प्रश्न बसच्या रचनेचा नव्हता, पण अर्धं पान कशासाठी हे समजवायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

आपल्या यार्डातल्या एल-३ साठी त्या पानावर एवढंच येतं: एल-४ फॉल्ट, तर एल-३ जाईल. बस दोन फॉल्ट, तर एल-३ आणि एल-४ बसपासून तुटून एकमेकींवर चालतील, टी-१ आणि टी-२ चालूच. एल-४ चा मेन अडकला, तर एल-४ च्या फॉल्टला बस दोनही जाईल. ऑपरेटरने हे पान टेबलावर काचेखाली ठेवायचं, आणि ब्रेकर परत सेवेत आला की फाडायचं.